शेतपंपाच्या डीओएल स्टार्टरमध्ये फ्यूज, कॉन्टॅक्टर आणि ओव्हरलोड रिले एकमेकांशी कसे जुळवायचे

वरूड तालुक्यातल्या एका संत्र्याच्या बागेतून रात्री साडेदहाला फोन आला. "काहून भाऊ, तुमी परवा बोर्ड बसवला ना? मोटर बंदच नाही होऊन राहिली." मी म्हटलं, लाल बटण दाबा. "दाबून दाबून अंगठा दुखला बाप्पा, टक आवाजच नाही येऊन राहिला." मी फोनवरच त्यांना मेन स्विच पाडायला सांगितलं आणि गाडीला किक मारली.

पेटी उघडली तर कॉन्टॅक्टरचा मधला काळा ठोकळा आत बसलेलाच होता. मेन स्विच पडलेला, कॉइलला एक व्होल्टही नाही, तरी ठोकळा वर यायला तयार नाही. कॉन्टॅक्टरचं झाकण काढलं तेव्हा तीनपैकी दोन फेजचे चांदीचे ठिपके एकमेकांना चिकटून एकच गोळा झाले होते. ओव्हरलोड रिले ट्रिप झालेला होता, म्हणजे त्याने त्याचं काम केलं होतं. आणि तीनही एचआरसी फ्यूज शाबूत. बोअरच्या केसिंग पाईपच्या काठाला घासून केबल सोलली होती आणि दोन फेज आपसात भिडले होते.

फ्यूज ६३ अँपिअरचे होते. मीच टाकले होते. त्या दिवशी पिशवीत तेवढेच होते, आणि "मोठा आहे, उडणार नाही, शेतकऱ्याची कटकट नको" असा विचार केला होता. तेव्हा माझं आयटीआय होऊन दोन वर्षं झाली होती आणि फ्यूज, कॉन्टॅक्टर, रिले या तीन वस्तू वेगवेगळ्या विकत घेऊन एका पेटीत कोंबल्या की स्टार्टर झाला असं मला वाटायचं. नव्याने बोर्ड बांधायला लागलेल्या पोरांसाठी आणि स्वतःच्या बोर्डात काय आहे ते समजून घेणाऱ्या शेतकऱ्यांसाठी हे लिहितोय. उदाहरण एकच घेतो, आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणारं: ५ एचपी, थ्री फेज सबमर्सिबल, डीओएल स्टार्टर, म्हणजे मोटर थेट लाईनवर टाकणारा.

आधी हे जवळ ठेवा

- मोटरच्या पाटीचा फोटो (एचपी, व्होल्ट, अँपिअर). मोटर बोअरमध्ये असेल तर खोक्यावरची किंवा बिलासोबतच्या कागदावरची माहिती
- बोअरमधल्या केबलचा आकार आणि लांबी
- डीपीवरच्या ट्रान्सफॉर्मरचा केव्हीए आणि डीपीपासून बोर्डापर्यंतचं अंतर, पावलांनी मोजलं तरी चालेल
- कॉन्टॅक्टर ज्या कंपनीचा घेणार तिचा टाईप-२ कोऑर्डिनेशनचा तक्ता, म्हणजे कोणत्या मोटरला कोणता फ्यूज, कॉन्टॅक्टर आणि रिले जुळतो त्याची यादी
- क्लॅम्प मीटर, मल्टिमीटर, ५०० व्होल्टचा मेगर, फ्यूज ओढायचा हँडल

डीपीवरचा फ्यूज या यादीत नाही आणि तो तुमचाही नाही. लाईन गेली म्हणून काठी घेऊन डीपीवर चढणारे आपल्याकडे गावोगाव आहेत. त्यांच्यात जाऊ नका.

१. कोणी किती करंट तोडायचा ते आधी ठरवा

लोक म्हणतात फ्यूज मोटर वाचवतो. डीओएल स्टार्टरमध्ये ते खरं नाही. मोटर वाचवतो ओव्हरलोड रिले. पंप गाळात अडकला, बेअरिंग जाम झालं, मोटर पाटीपेक्षा दीडपट-दुप्पट करंट ओढायला लागली की आतली बायमेटल पट्टी तापून वाकते आणि रिलेचा ९५-९६ हा संपर्क उघडतो. रिले मुख्य करंट तोडत नाही, हे डोक्यात पक्कं करा. तो फक्त कॉइलची वाट तोडतो. कॉइल सुटली की मोटरचा करंट तोडायचं खरं काम कॉन्टॅक्टरच्या ठिपक्यांवर येतं.

आता कॉन्टॅक्टर किती तोडू शकतो? मोटरसाठीच्या एसी-३ वर्गाच्या कॉन्टॅक्टरला प्रमाणकाप्रमाणे त्याच्या रेटिंगच्या आठपट करंट तोडता आला पाहिजे. १२ अँपिअरचा असेल तर ९६ अँपिअर, १८ चा असेल तर १४४. मोटर चालू होतानाच बंद केली तरी तेवढ्यात निभतं. पण दोन फेज भिडले आणि शेकडो अँपिअर वाहायला लागले, तर ते तोडायला त्याला सांगणं म्हणजे कोयत्याने रेल्वेचा रूळ कापायला लावणं आहे. ठिपक्यांमध्ये ठिणगी पेटते, चांदी वितळते, आणि स्प्रिंगने परत टेकले की जागच्या जागी वेल्डिंग.

म्हणून त्या हद्दीच्या वरचा करंट फ्यूजने तोडायचा, आणि तोही रिलेने कॉन्टॅक्टरला "उघड" म्हणायच्या आधी. सगळं जुळवणं या एका वाक्यात आहे. माझ्या त्या बोर्डात रिले आधी बोलला, कॉन्टॅक्टरने ऐकलं आणि मेला. फ्यूज बघत बसला होता.

२. रिले: पाटीचा आकडा, त्याच्या वर नाही

आपल्या उदाहरणातल्या मोटरच्या पाटीवर ४१५ व्होल्टला ९ अँपिअर आहे. मोनोब्लॉक ५ एचपीचा साधारण साडेसात-आठ घेतो, सबमर्सिबल जरा जास्त. त्यामुळे "५ एचपी म्हणजे इतके" असा पाठ केलेला आकडा वापरू नका, पाटी बघा.

रिलेची रेंज अशी घ्या की ९ हा आकडा तिच्यात नीट बसेल, उदाहरणार्थ ६ ते १०. डायल ९ वर ठेवा. क्लास १०ए घ्या. त्याचा अर्थ असा की थंड रिलेतून सेटिंगच्या ७.२ पट करंट गेला तर तो २ ते १० सेकंदांत ट्रिप होतो, आणि मोटर गरम असताना दीडपट करंट गेला तर २ मिनिटांच्या आत. सबमर्सिबल मोटर आजूबाजूच्या पाण्यावर थंड होते, अडकली तर फार वेळ तग धरत नाही, म्हणून रिले ढिला नको.

रिलेवर हाताने किंवा आपोआप रिसेटची खाच असते. ती हाताच्या बाजूला फिरवा. आपल्याकडे रात्रीची लाईन असते म्हणून बोर्डात ऑटो स्विच लावलेला असतो. लाईन आली की मोटर आपोआप चालू. रिलेही आपोआप रिसेट होणारा असेल आणि खाली केबल भिडलेली असेल, तर बोर्ड रात्रभर त्याच शॉर्टवर पुन्हा पुन्हा आदळत राहतो. सकाळी राख मिळते.

३. फ्यूज: चालू होताना टिकावा, पण त्यापेक्षा मोठा नको

डीओएलवर मोटर चालू होताना पाटीच्या साधारण सहापट करंट घेते. म्हणजे ५४ अँपिअर. सबमर्सिबल पंप एका सेकंदाच्या आतच वेग धरतो, पण आपल्याकडे उन्हाळ्यात टेल-एंडला व्होल्टेज ३४०-३५० वर येतं तेव्हा जरा जास्त वेळ घुमते. फ्यूज एवढ्यात उडता कामा नये.

एचआरसी फ्यूजवर त्याचा वर्ग छापलेला असतो. सर्वसाधारण वापराच्या जीजी फ्यूजसाठी प्रमाणकाने काही हद्दी आखून दिल्या आहेत. २५ अँपिअरचा जीजी फ्यूज ५२ अँपिअरला १० सेकंद तरी टिकलाच पाहिजे, ११० अँपिअरला ५ सेकंदांत उडालाच पाहिजे, आणि २६० अँपिअरला एक दशांश सेकंदात. मोटरचे ५४ अँपिअर एक-दोन सेकंद, म्हणजे २५ चा फ्यूज आरामात तग धरतो. २० चाही धरेल, पण त्याची १० सेकंदांची हद्द ४२ अँपिअर आहे. कमी व्होल्टेजला आणि वारंवार चालू-बंद होणाऱ्या बोर्डात तो हळूहळू थकतो आणि एखाद्या दिवशी कारण नसताना जातो. तसं झालं की पुढच्या वेळी शेतकरी तिथे तार गुंडाळतो. म्हणून मी २५ घेतो.

४. दोन रेषा जिथे एकमेकींना कापतात ती जागा शोधा

रिले बनवणारा आणि फ्यूज बनवणारा, दोघेही आपापल्या वस्तूचा वेळ-करंट आलेख देतात. आडव्या रेषेवर करंट, उभ्यावर वेळ. रिलेचा आलेख सेटिंगच्या पटीत असतो, त्याला ९ ने गुणा आणि दोन्ही एकाच कागदावर काढा. कमी करंटला रिलेची रेषा खाली असते, म्हणजे रिले आधी. करंट वाढत गेला की फ्यूजची रेषा झपकन खाली उतरते आणि एका जागी रिलेच्या रेषेला कापून पुढे जाते. त्या जागेनंतर फ्यूज आधी.

९ वर लावलेला १०ए रिले आणि २५ चा जीजी फ्यूज यांचा हा छेद साधारण १०० अँपिअरच्या आसपास येतो. फ्यूजमध्ये थोडा फरक असतोच, म्हणून एक चतुर्थांश वाढवून १२५-१३० धरा. आता कॉन्टॅक्टरकडे बघा. १२ अँपिअरवाला ९६ तोडतो, म्हणजे छेदाच्या जागीच त्याची हद्द संपली. १८ अँपिअरवाला १४४ तोडतो, म्हणजे रिले ज्या ज्या करंटला त्याला उघडायला सांगेल ते सगळे त्याच्या आवाक्यात. म्हणून मोटर ९ अँपिअरची असली तरी कॉन्टॅक्टर १८ चा. २० चा फ्यूज घेतला तर छेद खाली येतो आणि १२ चा कॉन्टॅक्टर बराचसा निभावतो. फ्यूज एक घर वाढवला तर कॉन्टॅक्टरही एक घर वाढवावा लागतो, एकट्या फ्यूजला वाढवायची सोय नाही.

आता माझे ६३ चे फ्यूज त्याच कागदावर ठेवून बघा. ६३ चा जीजी फ्यूज १६० अँपिअरला १० सेकंद टिकलाच पाहिजे. ५ सेकंदांत उडण्यासाठी ३२० लागू शकतात. रिलेशी त्याचा छेद चारशेच्या आसपास किंवा पुढेच जातो. तोपर्यंतचा सगळा करंट तोडायचं ओझं १२ अँपिअरच्या बिचाऱ्या कॉन्टॅक्टरवर.

५. तुमच्या बोअरमध्ये शॉर्ट झाला तर करंट येतो तरी किती?

हे बहुतेक जण कधीच मोजत नाहीत. कारखान्याची पुस्तकं वाचून आपण ५० हजार अँपिअरच्या शॉर्टची भीती बाळगतो. शेतात उलटं आहे. शॉर्टचा करंट कमी असतो, आणि तोच त्रास देतो.

त्या बागेचा हिशोब मांडतो. डीपीवर ६३ केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, ४.५ टक्के इम्पिडन्सचा. तिथून बोर्डापर्यंत ३०० मीटर वीझल तारेची एलटी लाईन. बोर्डापासून मोटरपर्यंत ४ चौरस मिलिमीटर तांब्याची १०० मीटर केबल. ट्रान्सफॉर्मरचे ४३३ व्होल्ट म्हणजे एका फेजला २५०. एका फेजचा अडथळा ओममध्ये असा:

```
ट्रान्सफॉर्मर  0.045 × 433² ÷ 63000 = 0.13
एलटी लाईन     300 मी                = 0.30
केबल          100 मी                = 0.46
एकूण                                = 0.89

बोर्डावर, तीन फेज   250 ÷ 0.43       = 580 A
मोटरजवळ, तीन फेज   250 ÷ 0.89       = 280 A
मोटरजवळ, दोन फेज   0.866 × 280      = 240 A
```

अडथळे सरळ बेरजेने मिळवलेत. कागदावर रेझिस्टन्स आणि रिॲक्टन्स वेगळे धरले तर करंट थोडा जास्त निघतो, पण आपल्याला कमीत कमी किती येईल तेच हवंय, म्हणून हे पुरतं.

म्हणजे बोअरमध्ये खाली दोन फेज भिडले तर २४० अँपिअर. त्या रात्री तेवढाच किंवा जरा जास्त वाहिला असणार. ६३ चा फ्यूज रिलेच्या पुढे निघायला चारशेच्या वर मागत होता. त्या बोअरमध्ये तेवढा करंट येऊच शकत नव्हता. तो फ्यूज नव्हता, चिनीमातीचं झाकण घातलेली तांब्याची पट्टी होती. २५ चा फ्यूज मात्र २४० ला एक दशांश सेकंदाच्या जरा मागेपुढे उडाला असता, आणि रिलेला तापायलाही वेळ मिळाला नसता.

आणखी एक गोष्ट, जी मला पुष्कळ उशिरा उमगली. कॉन्टॅक्टरची कॉइल त्याच लाईनवर चालते. खाली शॉर्ट झाला की बोर्डावरचं व्होल्टेज बसतं. वरच्या हिशोबात मोटरजवळ शॉर्ट झाला तर बोर्डावर साधारण निम्मंच उरतं, आणि बोर्डाच्या तोंडाशी शॉर्ट झाला तर जवळपास काहीच नाही. एवढ्या व्होल्टेजला कॉइल ठोकळा धरून ठेवेलच असं नाही. म्हणजे रिलेने सांगायच्या आधीच कॉन्टॅक्टर आपणहून उघडायला लागतो, नेमका सगळ्यात वाईट वेळी. फ्यूजने त्याच्याही आधी पोहोचायचं असतं. ५८० अँपिअरला २५ चा फ्यूज काही मिलिसेकंदांतच वितळतो, ६३ चा त्याच्या कितीतरी पट वेळ घेतो, आणि तेवढ्यात ठोकळा सुटलेला असतो. लांबच्या बोअरमध्ये, २४० च्या आसपास, २५ च्या फ्यूजचीही शर्यत चुरशीची होते. तिथे ठिपक्यांवर डाग पडू शकतो, म्हणून पायरी ७ वाचल्याशिवाय फ्यूज बदलून मोकळे होऊ नका.

बोअर आणखी खोल असेल, केबल अडीच चौरस मिलिमीटरची असेल किंवा डीपी अर्धा किलोमीटर लांब असेल, तर हा करंट आणखी खाली जातो. मोटरजवळचा दोन फेजचा करंट १५०-१६० पर्यंत आला तर २५ चा फ्यूजही सुस्त वाटायला लागतो. तेव्हा केबल जाड करा आणि २० चा फ्यूज कमी व्होल्टेजला टिकतो का ते आलेखावर तपासा.

६. आता तक्ता उघडा

एवढं डोक्यात असलं की कंपनीचा तक्ता वाचता येतो. स्टार्टरचं भारतीय प्रमाणक आयएस/आयईसी ६०९४७-४-१ दोन प्रकारची हमी ओळखतं. टाईप-१ म्हणजे शॉर्ट झाल्यावर माणसाला आणि जागेला धोका होणार नाही, पण कॉन्टॅक्टर-रिले बदलावे लागू शकतात. टाईप-२ म्हणजे धोका नाहीच, आणि स्टार्टर पुढे वापरण्यालायक राहील. ठिपके हलकेसे चिकटले तरी सहज सुटले पाहिजेत आणि रिलेचं मोजमाप बदलता कामा नये.

शहरात दुकान कोपऱ्यावर असतं. आपल्याकडे बहर धरलेला असताना कॉन्टॅक्टर जळाला तर तालुक्याला जाऊन येण्यात दिवस जातो आणि तोवर बाग सुकते. म्हणून टाईप-२च घ्या. पैसे जास्त लागतात ते मुख्यतः कॉन्टॅक्टर एक घर मोठा येतो म्हणून.

तक्त्यात मोटरच्या ओळीत फ्यूजचा नंबर, कॉन्टॅक्टरचा नंबर आणि रिलेचा नंबर दिलेला असतो. ही तिन्ही नावं एकत्र तपासलेली असतात. दुकानदार म्हणेल, "हा दुसऱ्या कंपनीचा फ्यूज आहे, पंचवीसचाच आहे, सेम टू सेम." करंट सेम असेल, पण शॉर्टच्या वेळी तो किती ऊर्जा आत सोडतो ते सेम असेलच असं नाही. तक्त्यात माझ्या हिशोबापेक्षा वेगळा आकडा आला तर तक्ता पाळा. त्यांनी तो प्रयोगशाळेत जाळून पाहिलाय, मी कागदावर. मात्र पायरी ५ तक्ता तुमच्यासाठी करून देत नाही. तुमची डीपी किती लांब आहे ते कंपनीला माहीत नसतं.

फ्यूजऐवजी साधी एमसीबी लावू का, असं पोरं विचारतात. तक्त्यात एमसीबी लिहिलेली असेल तर लावा, नसेल तर नाही.

७. बसवताना, आणि फ्यूज उडाल्यावर

क्रम असा: मेन स्विच, त्यानंतर फ्यूज, मग कॉन्टॅक्टर, त्याच्या पोटाला रिले, मग मोटरची केबल. कॉइलची तार फ्यूजच्या खालून घ्या आणि तिच्या वाटेत रिलेचा ९५-९६ येईल असं बघा. कितीतरी बोर्डांत ऑटो स्विच आणि फेज प्रिव्हेंटर जोडताना ९५-९६ वगळला जातो. रिले ट्रिप होतो, पण कॉन्टॅक्टरला कोणी सांगतच नाही. बोर्ड चालू करून रिलेवरचं टेस्टचं बटण दाबा. मोटर थांबली तरच सही करा.

मग क्लॅम्प मीटर लावून तिन्ही फेजचा चालता करंट वहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तोच आकडा उपयोगी पडतो.

फ्यूज उडाला की घाई करू नका. मेन स्विच पाडा, बोर्डात व्होल्टेज नाही हे मीटरने बघा, आणि मग:

मोटरची केबल रिलेपासून सोडून मेगरने फेज-अर्थ तपासा. दोन फेजमधला शॉर्ट शोधायला मल्टिमीटर घ्या. चांगल्या मोटरचे फेज आपसात काही ओम दाखवतात आणि तिन्ही जोड्या सारख्या असतात. एक जोडी वेगळी आली, तर तिथेच बिघाड आहे.

कॉन्टॅक्टरचा ठोकळा बोटाने दाबून सोडा, झटकन वर आला पाहिजे. ठोकळा वर असताना प्रत्येक फेजच्या वरच्या-खालच्या टोकाला मीटर लावा. एकही फेज वाजला तर ठिपका चिकटलाय. हलकासा चिकटला असेल तर ढकलून सुटतो. खोल खड्डे पडले असतील किंवा चांदीचे मणी उडाले असतील तर कॉन्टॅक्टर बदला. ठिपक्यांवर कानस चालवू नका, चांदीचा थर निघून जातो आणि पुढचं वेल्डिंग लवकर होतं.

एकच फ्यूज उडाला असला तरी तिन्ही बदला. बाकीचे अर्धे वितळलेले असू शकतात. ते पुढे मोटर चालू होताना जातात, मोटर दोन फेजवर घुरघुरत राहते आणि मग रिलेवर सगळी मदार.

८. तारेचा मोह

ही पायरी नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. किटकॅटमध्ये किंवा एचआरसीच्या जागी घरगुती वायरिंगमधली तांब्याची तार टाकणं आपल्याकडे सर्रास आहे. १ चौरस मिलिमीटरची तार वितळायला ढोबळ हिशोबाने ९५ अँपिअर लागतात, अडीचची असेल तर १९०. तेही बराच वेळ सलग वाहिले तर. वरच्या बागेत बोअरमधला शॉर्ट २४० चा होता. अडीचच्या तारेला २४० म्हणजे जेमतेम सव्वापट. ती लाल होईल, किटकॅटचं बूड काळं पडेल, केबलचं इन्सुलेशन वितळेल, आणि तार मात्र तशीच राहील. रिले ट्रिप होईल आणि कॉन्टॅक्टर चिकटेल. म्हणजे माझा ६३ चा फ्यूजच, फक्त फुकटातला.

म्हणून बोर्ड देताना पेटीच्या आत तीन जादा फ्यूज एका प्लास्टिकच्या पिशवीत टांगून ठेवतो आणि दाराच्या आतल्या बाजूला मार्करने लिहितो: "२५ जीजी. तिन्ही एकदम बदला. आधी वायरमनला फोन." त्या बागेवाल्या काकांनी त्याच्या खाली स्वतःच्या अक्षरात भर घातलीय: "अन् तार टाकाल तर मोटर तुमच्या खात्यावर."